भर दुकानात वाचायचा ईमेल

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी औषधाच्या दुकानातून उत्तर आलं. तीन वाक्यांचं.

"आपले पत्र मिळाले. आमच्या दुकानात काहीही बसवू देणार नाही. यापुढे पत्र पाठवू नये."

मी ते चार वेळा वाचलं. दुसऱ्या कुणाचं उत्तर चुकून माझ्याकडे आलं असावं, असंच आधी वाटलं. माझ्या ईमेलमध्ये दोनदा 'सविनय' होतं आणि एकदा 'कृपया'. एवढ्या नम्रपणावर माणूस इतका भडकतो कसा?

आमची प्रयोगशाळा म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या तीन खोल्या. एकीत उपकरणं, एकीत मॅडम, आणि ज्या खोलीतून सगळे ये-जा करतात त्या मधल्या खोलीत मी आणि सविनयकाका. रसायनशास्त्राची पदवी घेतल्यानंतरची ही माझी पहिली नोकरी, आणि हातातलं काम मीच सुचवलेलं होतं. इन्सुलिन दोन ते आठ अंशांच्या मध्ये ठेवावं लागतं. उकाड्यात त्याचा गुण हळूहळू उतरतो, पण ते गोठलं की संपलंच. पुन्हा वितळलं तरी त्याचा भरवसा राहत नाही, आणि कितीतरी वेळा बाटली बाहेरून अगदी पहिल्यासारखी दिसते. दुकानांतल्या फ्रिजमध्ये तापमान प्रत्यक्षात किती असतं, हे पाच दुकानांत सहा आठवडे मोजायचं, एवढाच बेत.

चार दुकानांनी होकार दिला होता. चारही ठिकाणी काचेच्या दाराचे नवे फ्रिज होते, आतली हवा फिरवणारे, खास औषधांसाठी केलेले. पाचवं दुकान दवाखान्याच्या समोरचं. इन्सुलिन सगळ्यात जास्त तिथूनच जायचं आणि फ्रिज होता घरातला असतो तसा, जुना, मागच्या पत्र्यावर बर्फ धरणारा. खोकल्याचं औषध घ्यायला गेले होते तेव्हा मी तो पाहिला होता.

मॅडम दारात आल्या. "काय म्हणतात तुझे पाचवे?"

मी पडदा त्यांच्याकडे वळवला.

"हं. सोड मग. त्या मोठ्या बाजारातल्या औषध विभागाला लिही. ते लगेच देतील."

"त्यांचाही फ्रिज नवाच आहे, मॅडम."

"मग?"

"चार उंच माणसं मोजून माणसं उंच असतात म्हणायचं, आणि खात्री करायला पाचवा उंच माणूस शोधायचा. तसं होईल ते."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. पटलं पण आवडलं नाही, की त्या चष्मा पुसतात. "शुक्रवारी बारापर्यंत पाच लेखी होकार हातात हवेत. नाहीतर तापमानाची यंत्रं देणारी संस्था ती दुसऱ्यांना देणार आहे. सगळी. फक्त पाचव्याची नाही. कळतंय ना?"

"कळतंय. गुरुवारपर्यंत द्या मला. गुरुवारी नाही म्हणाले, तर बाजारवाल्यांना मी स्वतः लिहीन."

"आणि अभ्यास निकामी झाला, तर तेही तूच लिहिशील," असं म्हणून त्या गेल्या.

सविनयकाका तोवर पत्र मिटवत असल्यासारखे हातातल्या कागदाला घड्या घालत होते. बत्तीस वर्षं त्यांनी एका सरकारी कार्यालयाच्या जावक विभागात काढली होती. निवृत्तीनंतर घरी करमेना म्हणून आमच्याकडे यायचे. त्यांच्या हातून सविनय न घातलेला कागद बाहेर पडलेला कुणी पाहिला नव्हता, म्हणून हे नाव. ते त्यांना ठाऊक होतं आणि थोडं आवडतही होतं.

"काका, आपलं काय चुकलं असेल?"

"पत्रात काही चुकलेलं नाही," ते म्हणाले. "माणूस तिरसट असेल."

मी शनिवारी पाठवलेला ईमेल उघडला. मजकूर माझा होता, भाषा त्यांची.

"विषय : शीतकपाटातील तापमानविषयक त्रुटींच्या पडताळणीबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस सविनय कळविण्यात येते की, जुन्या शीतकपाटांमध्ये तापमान विहित मर्यादेबाहेर जाऊन औषधे निकामी होण्याची दाट शक्यता असल्याने, आपल्या आस्थापनेतील शीतकपाटात यंत्रे बसवून पडताळणी करण्याचे योजिले आहे. तरी कृपया सहकार्य करावे, ही सविनय विनंती."

"बघ, किती स्वच्छ आहे," काका म्हणाले.

स्वच्छ होतं खरं. पण मला एकाच गोष्टीचं कुतूहल लागून राहिलं. ईमेल शनिवारी दुपारी गेला होता, उत्तर मंगळवारी दहा चाळीसला आलं. मधल्या जवळजवळ तीन दिवसांत त्या पत्राचं नेमकं काय झालं? आपण टाकलेला पदार्थ नळीत कुठे जातो हे न बघताच रंग का बदलला म्हणून विचारत बसणं, हे आम्हाला पहिल्या वर्षीसुद्धा करू देत नसत. बुधवारी सकाळी सव्वादहाला मी दुकानात जाऊन उभी राहिले.

दुकान अरुंद आणि खोल. पुढे लाकडी काउंटर, त्यामागे मालक, वर दुमडलेल्या बाह्या आणि कानामागे पेन. त्यांच्या पाठीशी, गोळ्यांच्या कपाटांच्या कोनाड्यात, संगणकासमोर त्यांची थोरली बहीण बसलेली. सगळं गिऱ्हाईक तिला ताईच म्हणत होतं. कोपऱ्यात तो फ्रिज, हुंकार दिल्यासारखा मधूनच घरघरणारा.

माझ्या पुढे तिघं होती. साडेदहाला ताईंनी चष्मा नाकावर घेतला आणि मोठ्याने म्हणाल्या, "पत्रं वाचते रे."

"वाच," मालक पाठमोरेच म्हणाले. हात गोळ्यांची पाकिटं मोजत होते.

आणि ताईंनी खरोखरच वाचायला सुरुवात केली. खणखणीत आवाजात, एकेक ईमेल, विषयापासून सहीपर्यंत. एका वितरकानं लिहिलं होतं की खोकल्याचं पातळ औषध आणखी चार दिवस येणार नाही.

"म्हणजे चार दिवस खोकायचं," टोपीवाले एक आजोबा रांगेतून म्हणाले.

"तुम्ही तसेही औषध घेऊन खोकताच की," मालक म्हणाले. "ताई, त्यांना लिही, चार म्हणजे चार. पाचव्या दिवशी मी दुसरीकडून घेईन."

ताई टंकत होत्या. रांगेतली बाई हसत होती. मी मात्र काउंटरची कड घट्ट धरून उभी होते, कारण शनिवारचं माझं पत्र आता मला त्याच खणखणीत आवाजात ऐकू येत होतं. 'औषधे निकामी होण्याची दाट शक्यता.' भर दुकानात.

माझी पाळी आली. जखमेवरच्या पट्ट्यांचं पाकीट मागायचं ठरवून आले होते. ते मागितलंच नाही.

"शनिवारी प्रयोगशाळेतून पत्र आलं होतं ना, ते मी लिहिलं होतं."

मालकांनी पेन कानामागून काढलं आणि काउंटरवर आडवं ठेवलं.

"असं का. ताई दोन दिवस गावाला होती, म्हणून ते काल वाचलं, तेव्हा इथे पाच जण उभे होते. शीतकपाट म्हणजे काय ते ताईला आधी कळेना. कळलं तेव्हा या फ्रिजकडे सगळ्यांच्या माना वळल्या. एका बाईंनी नुकतंच घेतलेलं इन्सुलिन पिशवीतून काढून इथे ठेवलं. म्हणाल्या, राहू द्या. सतरा वर्षं येतात त्या. राहू द्या, म्हणाल्या."

"मला माहीत नव्हतं की..."

"की आम्ही वाचतो?"

"की मोठ्याने वाचता."

"अगं, तुझ्या पत्राचा आवाज निघाला म्हणून चुकलं का ते? हळू वाचलं असतं तर बरोबर होतं?" ताई कोनाड्यातून म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. उत्तर हवं असल्यासारखं विचारलं.

मी मालकांनाच म्हणाले, "दोन मिनिटं द्या. तोंडी समजावून सांगते."

"तोंडी नको. तोंडी बोललेलं दुसऱ्या दिवशी प्रत्येकाचं वेगळं असतं. वितरक असो, डॉक्टर असो, मी लेखी घेतो आणि लेखी देतो."

"मग पुन्हा लिहू? तुम्ही तर पत्र पाठवू नये म्हणालात."

त्यांनी बहिणीकडे पाहिलं. ताईंनी खांदे उडवले. "वाचणार तर मी आहे. येऊ दे एक."

"एक," मालक म्हणाले. "पण एकट्यात वाचा वगैरे म्हणू नका. या दुकानात आलेलं पत्र उघड्यावरच वाचलं जातं. आमच्या वडिलांनी लावलेली पद्धत आहे. लपवण्यासारखं असेल ते इथे येऊच नये."

मागच्याने मला हलकेच ढकललं. मी बाहेर पडले.

प्रयोगशाळेत परतल्यावर सविनयकाकांना सगळं सांगितलं. त्यांनी शनिवारचं पत्र पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाले, "बत्तीस वर्षांत माझं एकही पत्र कुणी मोठ्याने वाचलं नसेल. फाईलला लावायचे सरळ." त्यात अभिमान होता की दुसरं काही, ते मला कळलं नाही.

आम्ही दोघं लिहायला बसलो. पहिला मसुदा मी रागाच्या भरात अगदी सोपा केला. 'नमस्कार, तुमच्या फ्रिजमध्ये आमची छोटी यंत्रं ठेवू द्याल का? प्लीज.'

"हे काय, शेजारणीकडे विरजण मागतेस का?" काका म्हणाले. "त्या माणसाचा तू चारचौघांत अपमान केलास. आता चारचौघांतच मान द्यायला हवा. सलगी नको. आदरणीय लिही."

"आदरणीय ठीक. पण आपणांस नको."

"आपणांसमध्ये काय वाईट आहे?"

"ताई कधी बोलतात का आपणांस? त्यांच्या तोंडी जो शब्द नाही, तो त्यांनी वाचला की नोटीस वाचल्यासारखा वाटतो. 'तुम्ही' म्हणू. 'तुम्ही' म्हणजे काही उणं नाही."

काकांनी मान हलवली, पण आडवी की उभी ते त्यांनाही ठरवता आलं नसावं. 'शीतकपाट' त्यांनी स्वतःच खोडलं. 'आस्थापना'वर आमचं दहा मिनिटं भांडण झालं आणि 'दुकान' राहिलं. 'परवानगी' मात्र त्यांनी सोडू दिली नाही. "होकार-बिकार नको. दुकान त्याचं आहे. परवानगीच मागायची." तो मुद्दा त्यांचा बरोबर होता. आणखी एक त्यांनीच सांगितलं. "आपण कोण नाही आहोत, ते आधी लिही. त्याला वाटलं असेल आपण परवाना तपासणारे."

एक परिच्छेद तरीही अडून बसला. गोठलेल्या इन्सुलिनचा. तो लिहावा, तर पुन्हा लोकांच्या माना फ्रिजकडे वळणार. गाळावा, तर दुकानदाराला अर्धीच गोष्ट सांगून होकार काढल्यासारखं होणार.

"गाळ," काका म्हणाले. "यंत्रं आत गेली की मग बघू."

"नाही, काका. हळू वाचलं असतं तर बरोबर होतं का, असं ताईंनी विचारलंय."

पाच वाजता मी मसुदा घेऊन घरी गेले. आई घरीच कपडे दुरुस्तीचं काम करते. एका पडद्याची कड शिवत होती.

"आई, मी वाचते, तू शिवत राहा. कळलं नाही, तर थांब."

"मशीन थांबवू की तुला?"

"मशीन."

मी वाचत गेले. मशीन सहा ठिकाणी थांबलं. प्रत्येक ठिकाणी मी पेन्सिलीनं खूण केली. दोन ठिकाणी वाक्य एका श्वासात मावत नव्हतं. तीन ठिकाणी शब्द परका होता. सहाव्या ठिकाणी, गोठलेल्या इन्सुलिनच्या परिच्छेदावर, आईनं पायसुद्धा खाली घेतला.

"यात काय कळलं नाही?"

"कळलं सगळं. तू म्हणतेस त्याचा फ्रिज खराब आहे."

"तसं म्हटलेलं नाहीये."

"ऐकताना तसंच वाटतं. खराब आहे का?"

"माहीत नाही. अजून मोजलंच नाही ना."

"मग माहीत नाही असं लिही की. कॉलेजात तर आमच्या बाईसाहेबांना, म्हणजे तुला, प्रत्येक आकड्याच्या मागे किती चूक असेल ते लिहायची सवय होती. दुकानदाराला लिहिताना कुठे गेली?" आईनं दोरा तोडला. "उगाच सगळं ठाऊक असल्यासारखं लिहितेस."

मी तिथेच, पडद्यांच्या ढिगाशेजारी बसून, तो परिच्छेद पुन्हा लिहिला. माफीही तेव्हाच सापडली. आधी मी लिहिलं होतं, 'आपल्या भावना दुखावल्या असल्यास क्षमस्व.' ती कसली माफी? न मोजता निष्कर्ष लिहिला होता मी. परीक्षेत असं केलं असतं, तर शून्य मिळालं असतं.

दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मशीन शेवटपर्यंत चालत राहिलं. घड्याळ लावून पाहिलं, दोन मिनिटं दहा सेकंद. गुरुवारी सकाळी नऊला तो ईमेल मी पाठवला.

दुकानात जायचं की नाही, यावर सव्वादहापर्यंत मन होय-नाही करत होतं. शेवटी गेले. चारचौघांत माफी मागायची आणि स्वतः खोलीत बसून राहायचं, हे जमेना.

रांगेत सहा जण होते. त्यांत टोपीवाले आजोबाही. मला पाहून मालक पुन्हा पाकिटं मोजायला लागले. साडेदहाला ताईंचा आवाज आला. "पत्रं वाचते रे. पहिलं त्या मुलीचंच आहे."

"वाच."

"विषय : तुमच्या फ्रिजमध्ये तापमान नोंदवण्याची परवानगी हवी आहे. आदरणीय दुकानमालक आणि हे पत्र वाचणाऱ्या ताई, सप्रेम नमस्कार." ताई थांबल्या. "मलापण केलाय नमस्कार."

"पुढे वाच."

"शनिवारचं पत्र मी लिहिलं होतं. तुमचा फ्रिज जुना आहे, म्हणून त्यातली औषधं बिघडत असतील, असं मी त्यात म्हटलं. मी तुमच्या फ्रिजचं तापमान एकदाही मोजलेलं नाही. न मोजता लिहिलं, ही माझी चूक. तुमची, आणि ते पत्र ज्यांच्यासमोर वाचलं गेलं त्या सगळ्यांची मी माफी मागते."

"मी होतो तेव्हा," आजोबा म्हणाले. "म्हणजे माझीपण."

"तुम्ही गप्प बसा हो. वाच, ताई."

"आमची प्रयोगशाळा चष्म्याच्या दुकानाच्या वर आहे. आम्ही सरकारी खातं नाही. कुणाला दंड करण्याचा किंवा परवाना काढून घेण्याचा अधिकार आम्हाला नाही. मला काडेपेटीएवढी तीन यंत्रं सहा आठवडे तुमच्या फ्रिजमध्ये ठेवायची आहेत. ती दर दहा मिनिटांनी तापमान नोंदवतात. त्यांना वीज लागत नाही. दर सोमवारी येऊन मी आकडे उतरवून घेईन. पाच मिनिटं लागतील. आकडे सर्वांत आधी तुम्हाला कळवीन. आमच्या अहवालात दुकानाचं नाव नसेल."

मालकांचे हात पाकिटं मोजायचे थांबले नव्हते. ताईंनी श्वास घेतला. मला पुढचा परिच्छेद पाठ होता.

"एक गोष्ट परवानगी घेण्याआधीच सांगायला हवी. इन्सुलिन गोठलं, तर पुन्हा वितळल्यावरही ते वापरू नये. बाटलीकडे बघून ते कळेलच असं नाही. तुमच्या फ्रिजमध्ये तसं होतं का, हे मला माहीत नाही. होत नसेल, तर मी तसं लिहून देईन. होत असेल, तर तेही लिहून देईन. झाकून ठेवणार नाही."

हात थांबले. सगळ्यांच्या माना फ्रिजकडे वळल्या. माझीसुद्धा.

"परवानगी असेल, तर हो एवढंच कळवा. नसेल, तर नाही कळवा. मी पुन्हा त्रास देणार नाही. उद्या दुपारी बारापर्यंत उत्तर हवं आहे, कारण त्यानंतर यंत्रं दुसरीकडे जातील. आपली नम्र. संपलं."

"तुम्हाला माहीत आहे का?" आजोबांनी मालकांना विचारलं.

"काय?"

"आत किती थंड आहे ते. हिला माहीत नाही म्हणते. तुम्हाला?"

मालक फ्रिजकडे गेले, दार उघडलं, आत हात घालून पाहिला. मग दार लावलं. "चालू आहे. गार आहे," ते म्हणाले, आणि हे उत्तर आपल्याला स्वतःलाच पुरत नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"गार आमच्या घरातला माठही असतो," आजोबा म्हणाले.

कुणीतरी हसलं. मालक हसले नाहीत. ते सरळ माझ्याकडे वळले. "समजा, आकडा वाईट आला. तुम्ही पत्र पाठवणार. ताई ते इथेच वाचणार. मी यांना काय सांगू?"

सगळे माझ्याकडे बघत होते. 'तसं काही होणार नाही' हे वाक्य अगदी जिभेवर होतं. पण तेही न मोजलेलंच होतं.

"आकडा सांगा," मी म्हणाले. "आणि त्यावर काय केलंत ते."

"आणि गिऱ्हाईक गेलं तर?"

"जाईल कदाचित. त्याची खात्री मी देऊ शकत नाही."

त्यांनी पेन कानामागे खोचलं, पुन्हा काढलं. माझ्या पुढच्या बाईला तिचं औषध दिलं, सुटे परत केले, पिशवीचं तोंड दुमडून दिलं. मला वाटलं, झालं. बाजारवाल्यांचा पत्ता मनात जुळवायला लागले.

"ताई, लिही," ते म्हणाले. "हो. पुढच्या ओळीत लिही, अट एक. दर सोमवारचे आकडे असेच मराठीत, वाचता येतील असे, ईमेलने पाठवावे. चांगले असोत की वाईट. आम्ही दुकानात वाचू. लिहिलंस?"

"लिहिलं. नमस्कार घालू का?"

"घाल."

मॅडमनी उत्तर वाचून चष्मा पुसला नाही, ते तसंच छापून यादीला जोडलं. शुक्रवारी यादी गेली. सोमवारी मी यंत्रं ठेवली, एक दाराच्या कप्प्यात, एक मधल्या फळीवर, एक मागच्या पत्र्याजवळ. प्रत्येकाचं टोक द्रव भरलेल्या छोट्या बाटलीत बुडवलेलं, म्हणजे दार उघडल्यावर हवेबरोबर आकडा उगाच उड्या मारत नाही. मालक शेजारी उभे राहून बघत होते. "हे मागचं तिथेच हवं का?" त्यांनी विचारलं. इन्सुलिनची पाकिटं त्याच पत्र्याला टेकून लावलेली होती. जास्त गार तिथे राहतं म्हणून, ते म्हणाले. वर्षानुवर्षं तशीच लावायचे.

"तिथेच हवं," मी म्हणाले.

आठवड्यानं आकडे उतरवले. दारात सात ते नऊ. मधल्या फळीवर चार ते सहा. मागे, पत्र्याला टेकून, तापमान रोज पहाटे शून्याखाली जात होतं. एका दिवशी उणे तीनपर्यंत गेलं होतं आणि तीन तासांहून जास्त वेळ तिथेच राहिलं होतं.

मी आलेख छापून सविनयकाकांपुढे ठेवला. त्यांनी बराच वेळ पाहिला.

"असं निदर्शनास आले आहे की," त्यांनी सुरुवात केली, आणि स्वतःच थांबले. "नको. तूच लिही."

मी लिहिलं. "आदरणीय दुकानमालक आणि ताई, सप्रेम नमस्कार. मधल्या फळीवर तापमान योग्य आहे. दारात थोडं जास्त जातं, तिथे इन्सुलिन ठेवू नका. मागच्या पत्र्याजवळ ते रोज शून्याखाली जातं. एकदा उणे तीन झालं. तिथली पाकिटं गोठलेली असू शकतात. ती विकू नका. पुढची पाकिटं मधल्या फळीवर, पत्र्यापासून चार बोटं सोडून ठेवा. आलेख सोबत जोडला आहे. आपली नम्र."

'गोठलेली असू शकतात' यावर मी अडखळले. 'गोठली आहेत' म्हणायला पुरावा नव्हता, बाटलीतल्या द्रवाचा आकडा होता. 'शक्यता नाकारता येत नाही' म्हटलं असतं, तर ताईंना ते दोनदा वाचावं लागलं असतं. तसंच ठेवलं. मोठ्याने एकदा वाचून पाहिलं. मग पाठवलं, मंगळवारी नऊला.

त्या दिवशी मी दुकानात गेले नाही. मोजणीची दुसरी चार दुकानं होती आणि सगळीकडचे आकडे उतरवायचे होते. तिसऱ्या दुकानात फ्रिजसमोर उकिडवी बसले असताना फोनवर उत्तर आलं. वेळ दहा वाजून बावन्न मिनिटं. म्हणजे साडेदहाला वाचायला घेतल्यापासून या वेळी त्यांना बावीस मिनिटं लागली होती.

"पत्र वाचलं. दुकानात सात जण होते. मागची अकरा पाकिटं बाहेर काढून वेगळी ठेवली आहेत, विकणार नाही. या आठवड्यात तिथलं इन्सुलिन सहा जणांनी नेलं आहे. त्यांना बदलून देणार. ताई फोन लावते आहे, चौघांना लागला, दोघांच्या घरी मी दुपारी जातो. त्याआधी ज्यांनी नेलं, त्या लोकांचं काय करायचं, ते तुम्ही आणि डॉक्टर मिळून लेखी कळवा. एक जण काही न घेता गेला. बाकीचे थांबले. नमस्कार."

मी उठून उभी राहिले. त्याआधीच्या लोकांचा प्रश्न माझ्या अभ्यासात नव्हता. तो कुणीच विचारला नव्हता. मी मॅडमना फोन लावला आणि दवाखान्यातल्या डॉक्टरांची वेळ मागायला सांगितली. आजचीच, मी म्हणाले.